नवीन डेस्कटॉपला एकही वाय-फाय नेटवर्क दिसत नाही

मृणाल_लालबाग · सोमवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. नऊ दिवसांपूर्वी लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून डेस्कटॉप असेंबल करून घेतला. मी घरून डीटीपी करते. दोन दिवाळी अंकांची पानं लावायचं काम हातात आहे आणि जुन्या मशीनने ऐन वेळी मान टाकली. आमच्या चाळीतल्या दोन खोल्या. राउटर बाहेरच्या खोलीत दारावर, माझं टेबल आतल्या खोलीत. मधून वायर ओढायला नको म्हणून वाय-फायचं कार्ड टाकून घेतलं, बिलावर त्याची वेगळी ओळ आहे.

मशीन उत्तम चालतंय, पण वाय-फाय उघडलं की यादी कोरी. बटण चालू आहे, आयकॉन आहे, फक्त नाव एकही नाही. त्याच टेबलावरच्या मोबाइलला सतरा-अठरा नावं दिसतात. दोनदा असं झालं की भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांच्या राउटरचं नाव क्षणभर उमटलं आणि क्लिक करेपर्यंत गेलं. दुकानात फोन केला तर म्हणाले, ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे, सीपीयू घेऊन या. तो तीन मजले उतरवायचा, टॅक्सी करायची आणि अर्धा दिवस तिथे घालवायचा. सध्या मोबाइल यूएसबीने जोडून काम भागवतेय, पण दीडशे-दोनशे एमबीच्या फायली पाठवताना दिवसाचा डेटा दुपारीच संपतो.

कार्डच खराब निघालंय का? नेण्याआधी घरी काही बघता येईल का?

माधवकाका_पार्ले · सोमवार, रात्री १०:४१

राउटरच्या बाजूचा जो डबा असतो, त्यावर LOS नावाचा दिवा लाल लुकलुकतोय का बघ. तसं असेल तर बाहेरून येणारी फायबरची तार कुठेतरी दुमडली किंवा तुटली आहे. आमच्याकडे पावसाळ्यात दोनदा झालं. कंपनीला तक्रार नोंदव, माणूस येऊन जोडून देतो.

गणेश_घाटकोपर · सोमवार, रात्री ११:०५

काका, लाइन तुटली तरी राउटरचं नाव यादीत दिसतंच. इथे मशीनची यादीच कोरी आहे.

मृणालताई, दुकानदार बरोबर बोलतोय. विंडोज नवीन टाकलं की बऱ्याच कार्डांचा नीट ड्रायव्हर त्यात नसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा, नेटवर्क अडॅप्टर्सखाली कार्डाचं नाव दिसेल. त्यावर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा. तरी नाही झालं तर कार्ड बनवणाऱ्यांच्या साइटवरून ताजा ड्रायव्हर उतरवून टाका. शंभरातल्या नव्वद केसेस यातच सुटतात.

मृणाल_लालबाग · मंगळवार, सकाळी ९:१५

काका, राउटरचे दिवे सगळे हिरवे आहेत. सासरे बाहेरच्या खोलीत टॅबवर बातम्या बघतात, त्यांना काहीच अडचण नाही.

गणेश, तू सांगितलंस तसं दोन्ही केलं. कार्डाचं नाव `Intel(R) Wi-Fi 6 AX200 160MHz` असं येतं, पिवळं चिन्ह नाही आणि खाली `This device is working properly` लिहिलेलं आहे. ताजा ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट केलं. यादी कोरीच.

गणेश_घाटकोपर · मंगळवार, सकाळी ९:५२

मग कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि या दोन ओळी एकामागोमाग चालवा. काय येतं ते इथे डकवा.

```
netsh wlan show interfaces
netsh wlan show networks mode=bssid
```

विंडोज ११ चं नवीन अपडेट असेल तर या कमांडी आधी लोकेशनची परवानगी मागतात. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली लोकेशन चालू करा, नाहीतर तिथेच अडाल.

मृणाल_लालबाग · मंगळवार, सकाळी १०:३०

हो, परवानगी मागितली, दिली. पहिल्या कमांडीत कामाचं एवढंच दिसतंय:

```
State         : disconnected
Radio status  : Hardware On
                Software On
```

आणि दुसरीला:

```
There are 0 networks currently visible.
```

तीनदा चालवली. दोनदा शून्य, एकदा शेजाऱ्यांचं एकच नाव आलं, त्यापुढे सिग्नल १४%.

हॅम_मुलुंड · मंगळवार, सकाळी ११:१८

मृणालताई, सीपीयू उचलू नका. ड्रायव्हरही आता सोडून द्या. ड्रायव्हर नसता तर विंडोजने तुम्हाला वाय-फायचं बटणच दाखवलं नसतं. तुमच्याकडे बटण आहे, रेडिओ हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्हींनी चालू आहे आणि कार्ड शोधही घेतंय, कारण एकदा का होईना, १४ टक्क्यांवर एक नाव त्याने पकडलं. मेलेल्या कार्डाला हे जमलं नसतं. तुमच्या कार्डाला फार हळू ऐकू येतंय.

एक गोष्ट बघून सांगा. कॅबिनेटच्या मागे, जिथे मॉनिटरची वायर लागते त्याच्या खाली आडव्या पट्ट्यांची जागा असते. तिथल्या एका पट्टीतून दोन पितळी, आट्या असलेल्या नळ्या बाहेर आल्यात का? करंगळीच्या नखापेक्षाही बारीक असतात. आल्या असतील तर त्यांच्यावर काही बसवलेलं आहे की उघड्या आहेत?

मृणाल_लालबाग · मंगळवार, दुपारी १२:०४

टेबल ओढून मोबाइलच्या टॉर्चने बघितलं. आहेत. दोन सोनेरी नळ्या, बाहेरून आटे पाडलेले, आणि प्रत्येकीच्या तोंडात मधोमध टाचणीच्या टोकाएवढी सुई. एकीवर काळी रबरी टोपी आहे, दुसरी उघडी. मला वाटलं टीव्हीची केबल लावायची सोय असेल, म्हणून लक्षच दिलं नव्हतं.

अँटेना म्हणावं असं काही त्यांच्यावर नाही.

हॅम_मुलुंड · मंगळवार, दुपारी १२:२५

बस्स, तिथेच आहे. त्या दोन नळ्यांवर एकेक अँटेना फिरवून बसवायचा असतो. कार्डाच्या खोक्यात दोन अँटेने वेगळ्या पिशवीत येतात. असेंबल करणारा ते मुद्दामच शेवटपर्यंत लावत नाही, कारण बाहेर आलेले अँटेने ने-आण करताना मोडतात. मग शेवटी लावायचे राहून जातात.

आता खात्री करून घेऊ. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा, बँड निवडता येत असेल तर २.४ गीगाहर्ट्झ ठेवा. मोबाइल त्या नळ्यांना जवळजवळ टेकवून धरा आणि दुसरी कमांड चालवा. मग तीन-चार पावलं मागे येऊन पुन्हा चालवा.

मृणाल_लालबाग · मंगळवार, दुपारी १२:५०

मोबाइल नळ्यांना टेकवून: हॉटस्पॉटचं नाव लगेच आलं, ९६%.
टेबलावर, कॅबिनेटच्या पुढे: ३०%.
खोलीच्या दारात, म्हणजे चार पावलांवर: नावच नाही.

हॅम_मुलुंड · मंगळवार, दुपारी १:१०

झालं निदान. कार्ड बिघडलेलं असतं तर टेकवूनही काही दिसलं नसतं. ड्रायव्हरचा दोष असता तर अंतराने एवढा फरक पडला नसता. हातभर अंतरावर दिसतं आणि दारात दिसत नाही, हे अँटेना नसल्याचंच लक्षण.

कारण साधं आहे. २.४ गीगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब असते. ती नीट झेलायला निदान तिच्या चौथ्या भागाएवढी, म्हणजे तीन सेंटिमीटरची तार लागते. तुमच्या नळीतली सुई दोन-तीन मिलिमीटरची, तीही पितळी भिंतीच्या आत बसलेली. त्यात मागे पत्र्याचं कॅबिनेट. शेजाऱ्यांचा राउटर भिंतीला लागून असेल तर त्याचा आवाज अधूनमधून पोहोचतो, म्हणून ते नाव उमटून जातं.

शिल्पा_बोरिवली · मंगळवार, दुपारी २:३५

हे वाचून आमच्या क्लासचा डेस्कटॉप आठवला. त्यात वेगळं कार्ड नव्हतं, मदरबोर्डमध्येच वाय-फाय होतं आणि त्याच्याही मागे अशाच दोन नळ्या. आमचं वर्षभर काही अडलं नाही, कारण राउटर बरोबर त्या टेबलावरच्या फळीवर होता. फक्त ब्लूटूथचा माउस अडखळत चालायचा, तो आम्ही दोनदा बदलला. गेल्या जूनमध्ये राउटर पुढच्या खोलीत हलवला आणि त्याच दिवशी मशीनचं वाय-फाय गेलं. सगळ्यांनी राउटरला दोष दिला. शेवटी मदरबोर्डच्या खोक्यात तळाला, पुठ्ठ्याच्या कप्प्याखाली, अँटेना न उघडलेल्या पिशवीत मिळाला. तो बसवला आणि माउसही सुधारला.

ताई, खोकी टाकली नसतील तर आधी त्यात बघा.

गणेश_घाटकोपर · मंगळवार, दुपारी ३:२०

अँटेना नाही हे मान्य, मी मागे बघायला सांगायला हवं होतं. पण अजून एक शंका आहे. काही कार्डं दुसऱ्या देशाच्या नियमावर सेट असतात आणि १२, १३ नंबरचे चॅनेल त्यांना दिसतच नाहीत. राउटर १३ वर असेल तर अँटेना लावूनही नाव येणार नाही. राउटरचा चॅनेल १, ६ किंवा ११ करून ठेवा.

हॅम_मुलुंड · मंगळवार, दुपारी ३:४४

गणेश, चॅनेलची गोष्ट खरी आहे, पण तिने एखाददुसरं नाव लपतं. इथे मोबाइलला दिसणारी सतरा-अठरा नावं एकदम गायब आहेत आणि सगळी चाळ १३ वर असणार नाही. अँटेना लागल्यावर फक्त त्यांच्याच राउटरचं नाव आलं नाही, तर तुझं करून बघू.

मृणाल_लालबाग · मंगळवार, रात्री ८:४०

पोटमाळ्यावरून खोकी काढली. मदरबोर्डचं आहे, कॅबिनेटचं आहे, कार्डाचं नाहीच. दुकानात फोन केला, तर म्हणाले, रिकामी खोकी आम्ही ठेवत नाही, अँटेना तुम्हालाच दिला असेल. मला दिलेला नाही. वाईट याचं वाटलं की बिलाचे पूर्ण पैसे मी त्याच दिवशी दिले होते आणि फोनवर अँटेनाचं नावही न काढता मला मशीन घेऊन बोलावत होते.

नवरा उद्या ग्रँट रोडवरून येणार आहे. दोन अँटेने विकत आणायला सांगू का? काय नावाने मागायचे?

हॅम_मुलुंड · मंगळवार, रात्री ९:०२

वाय-फायचा ड्युअल बँड अँटेना, RP-SMA, दोन नग. आरपी हे शब्द महत्त्वाचे. नुसता एसएमए म्हणालात तर दुसराच हातात पडेल, आणि दोन्ही दिसायला सारखे.

ओळख अशी. तुमच्या नळीत सुई आहे, म्हणून अँटेनाच्या तोंडात आत आटे आणि मधोमध भोक हवं. मध्ये सुई दिसली तर परत करा. सुईवर सुई येते आणि जोर लावला तर कार्डाची सुई वाकते. ती एकदा वाकली की सरळ होत नाही.

शक्य असेल तर जाड पितळी बूड आणि चुंबकाचा पाया असलेला, एक-दीड मीटर वायरचा जोड आणा. साध्या काठ्या पत्र्याच्या मागे, भिंतीकडे तोंड करून राहतात. चुंबकाचा पाया टेबलाच्या वर ठेवता येतो.

मृणाल_लालबाग · बुधवार, रात्री ९:३०

वायरवाला मिळाला नाही, साध्या दोन काठ्या आणल्या, दोन मिळून अडीचशे रुपये. तुम्ही लिहिलं होतं म्हणून लावण्याआधी टॉर्च मारून तोंडात बघितलं. दोन्हींत मधोमध बारीक सोनेरी सुई! म्हणजे चुकीच्या. दुकानदाराने "सगळ्या वाय-फायला हाच चालतो" म्हणून दिल्या होत्या. लावल्या नाहीत. उद्या मी स्वतः जाऊन बदलून आणते, मोबाइलमध्ये नळीचा जवळून फोटो काढून ठेवलाय.

सागर_परळ · बुधवार, रात्री १०:०५

मी दुरुस्तीचं काम करतो, म्हणून सांगतो. ज्या जोडीत दोन्हीकडे भोक असतं ती त्याहून फसवी. आटे मस्त बसतात, अँटेना ताठ उभा राहतो, आणि आत तारेला तार लागतच नाही. लोक एक्स्टेंशनची वायर चुकीची घेतात तेव्हा हे होतं. गिऱ्हाईक छातीठोकपणे सांगतो, अँटेना लावलाय. काढून दोन्ही तोंडं बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

लावताना मशीन बंद करून बोर्डाचा स्विचही बंद करा. टोपी काढा, अँटेना नळीच्या रेषेत सरळ धरून फक्त खालचं गोल बूड बोटांनी फिरवा. काठी धरून फिरवू नका. पक्कड अजिबात नको. बोटाने घट्ट झालं की पुरे, कारण जास्त जोराने नळीच पट्टीत फिरते आणि आतली केसासारखी वायर सुटते.

मृणाल_लालबाग · गुरुवार, दुपारी ४:१५

लागले!! तोंडात भोक असलेले दोन अँटेने मिळाले. मशीन बंद करून बोटांनी बसवले, दोन्ही सरळ उभे केले. चालू केल्याबरोबर यादीत सोळा नावं. आमचं आहे. दोन दिवस अडकलेली एका अंकाची छपाईची फाइल आत्ता पाठवली, मोबाइलला हात न लावता.

हॅमकाका, आधी शेजाऱ्यांचा राउटर १४% दिसायचा. आता त्याच जागेवरून तोच राउटर ७६%. हे किती सुधारलं म्हणायचं? पाचपट?

हॅम_मुलुंड · गुरुवार, संध्याकाळी ५:००

फार आनंद झाला. पाचपटीहून कितीतरी जास्त. विंडोज उणे १०० डीबीएमला ० टक्के धरतं आणि उणे ५० ला १००, मध्ये सरळ रेघ. म्हणून १४% म्हणजे उणे ९३ आणि ७६% म्हणजे उणे ६२. फरक ३१ डीबीचा. दर १० डीबीला शक्ती दहापट होते, तेव्हा ३१ म्हणजे हजारपटीहून थोडं जास्त. दोन काठ्यांनी एवढं केलं.

आता एक काठी उभी आणि दुसरी बाजूला आडवी करून बघा. चाळीत सिग्नल भिंतींवर आपटत येतो, कधीकधी असं जास्त बरं लागतं.

गणेश_घाटकोपर · गुरुवार, संध्याकाळी ६:३०

अभिनंदन ताई. पण अकरा-बारा दिवस कार्ड अँटेनाशिवाय चालू होतं. बिनअँटेनाचा ट्रान्समीटर चालवला की पाठवलेली शक्ती परत फिरते आणि आतला अ‍ॅम्प्लिफायर जळतो. वॉरंटी आहे तोवर कार्ड बदलून घ्या.

हॅम_मुलुंड · गुरुवार, संध्याकाळी ७:१०

मोठ्या ट्रान्समीटरच्या बाबतीत अगदी खरं, आम्ही हॅमवाले अँटेना न लावता बटण दाबतच नाही. पण इथली शक्ती एका वॉटच्या दहाव्या भागाच्या आसपास. शिवाय नेटवर्कच सापडत नसल्याने कार्ड पाठवत होतं फारच थोडं, बहुतेक वेळ नुसतं ऐकत होतं. मी तरी अशाने कार्ड गेलेलं पाहिलेलं नाही.

सागर_परळ · गुरुवार, रात्री ९:२०

माझ्याकडे दोन कार्डं अशी आली होती की वर्षभर अँटेनाशिवाय चालली आणि नंतर एकाच नळीवर सिग्नल कमी. त्याच कारणाने की दुसऱ्या, ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ताई, एक-एक अँटेना काढून (मशीन बंद करूनच) आकडा बघा, दोन्ही बाजू जवळपास सारख्या यायला हव्यात.

मृणाल_लालबाग · शुक्रवार, सकाळी ११:००

बघितलं. दोन्ही लावून आमचा राउटर ७२%. फक्त डावा ६६, फक्त उजवा ६८.

हॅम_मुलुंड · शुक्रवार, सकाळी ११:२५

ऐकण्याच्या बाजूने दोन्ही कान ठीक. बोलण्याची बाजू या आकड्यांवरून कळत नाही. अपलोडचा वेग मोबाइलच्या बरोबरीने येतोय का ते आठवडाभर बघा. तो कमी वाटला तर गणेशचं म्हणणं विचारात घेऊ.

मृणाल_लालबाग · शुक्रवार, दुपारी १:४०

बघते. दोन गोष्टी अजून अडल्यात. एक, राउटरचं ५ गीगाहर्ट्झचं नाव बाहेरच्या खोलीत मोबाइलला फुल्ल दिसतं, इथे मशीनला १८-२० टक्क्यांवर येतं-जातं. मधे आमचं लोखंडी कपाट आहे आणि ते हलवायला दुसरी जागा नाही. दुसरी, शिल्पाताईंचं वाचून ब्लूटूथ शोधलं, तर सेटिंग्जमध्ये ब्लूटूथचं बटणच नाही. अँटेना लावल्यावरही नाही.

सागर_परळ · शुक्रवार, दुपारी २:३०

ब्लूटूथचं कारण वेगळं. शिल्पाताईंच्या मशीनमध्ये ब्लूटूथ होतं पण अडखळत होतं, ते अँटेनामुळे. तुमच्याकडे बटणच नाही. या कार्डांचं वाय-फाय स्लॉटमधून चालतं, पण ब्लूटूथला कार्डापासून मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या यूएसबी जोडणीपर्यंत एक छोटी वायर लागते. तीही त्याच हरवलेल्या खोक्यात असणार. बाजूचा पत्रा काढून कार्डाच्या कडेला पांढरं किंवा काळं छोटं सॉकेट रिकामं आहे का बघा आणि फोटो टाका.

५ गीगाहर्ट्झसाठी चुंबकवाला अँटेना आणून कपाटाच्या वरच्या कडेला ठेवून बघावा लागेल. लोखंडाच्या आरपार ते येणार नाही, वरून वळसा घेऊन आलं तर आलं.

मृणाल_लालबाग · शुक्रवार, दुपारी ३:०५

रविवारी पत्रा उघडते, उद्या दुसऱ्या अंकाची पानं द्यायची आहेत. तोवर २.४ वरच चालवते, फायली जाताहेत.

माधवकाका_पार्ले · शुक्रवार, रात्री ८:५०

मृणाल, मी प्रश्न नीट वाचला नव्हता. आज माझ्याच मशीनच्या मागे बघितलं. दोन नळ्या आहेत, एकीवर अँटेना आहे, दुसरी टोपी घालून बसली आहे. चार वर्षं असंच चाललंय. दुसरा आणू का, की आहे ते चालतंय तर राहू दे?

हॅम_मुलुंड · शुक्रवार, रात्री ९:१५

आणा काका. एका अँटेनावर नेट मिळतं, पण कार्ड दोन धारांनी एकदम माहिती नेऊ शकत नाही, वेग निम्म्यावर येऊ शकतो. तोंडात भोक असलेलाच घ्या, आणि टोपी काढायला विसरू नका.